चलाम चाणीप चेद: मुलांच्या गुप्त भाषेतून सिलेबल कसा तपासायचा

चवथीला घर भरलं की मुलांची एक टोळी गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसते आणि मोठ्यांना कळू नये अशा भाषेत बोलायला लागते. गेल्या चवथीला माझी दहा वर्षांची भाची मला म्हणाली, ‘आत्या, चलाम चाणीप चेद.’ मी पाणी आणून दिलं. तिचा चेहरा पडला, कारण ही भाषा फक्त त्यांचीच आहे असं तिला वाटत होतं. आम्हीही लहानपणी डिचोलीला हीच बोलायचो.

या ‘च’च्या भाषेत मुलं नेमकं काय करतात ते पाहा. ‘पाणी’ची ‘चाणीप’ झाली. म्हणजे ‘पा’मधला प् शेवटी गेला, त्याच्या जागी च् आला आणि ‘आ’ जिथल्या तिथे राहिला. आपण लिहितो तेव्हा ‘पा’ हे एक अक्षर असतं आणि शाळेतही ते एकसंध म्हणूनच शिकवतात. तरीही मुलीने ते मधोमध चिरलं. स्वराआधीचं व्यंजन वेगळं काढता येतं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. विचारलं तर नियमही सांगता येणार नाही, पण कधी न ऐकलेल्या शब्दावरही ती तो बिनचूक चालवते. भाषाविज्ञानात उच्चाराच्या एका तुकड्याला सिलेबल म्हणतात. त्यातल्या स्वराआधी जे व्यंजन किंवा जी व्यंजनं येतात, त्यांना मी इथे ‘आरंभ’ म्हणते. मुलांच्या डोक्यात हे तुकडे खरोखर असतात का आणि जोडाक्षराच्या जागी ते कुठे तुटतात, हे घरच्या घरी कसं तपासायचं ते पुढे सांगते. फोनवरचा रेकॉर्डर, एक वही आणि गोव्याच्या गावांची नावं एवढ्यावर काम भागतं.

आधी खेळाचा नियम मुलांकडून घ्या

‘च’ची भाषा घराघरात वेगळी असते. कुठे ‘पाणी’चं ‘चणीपा’ करतात, म्हणजे अख्खं पहिलं अक्षर उचलून मागे टाकतात. कुठे प्रत्येक अक्षराआधी नुसता ‘च’ लावतात: ‘चपा चणी’. काही वाड्यांवर ‘र्फ’ची भाषा चालते, तिच्यात ‘मी’चा ‘मर्फी’ आणि ‘तू’चा ‘तर्फू’ होतो. त्यामुळे ‘तुमची भाषा अशी असते ना?’ असं सुचवू नका. पाच-सहा साधी वाक्यं मुलाला त्याच्या भाषेत बोलायला सांगा आणि नियम तुम्ही ओळखा.

इथे पहिला खड्डा लागतो. ‘मला’, ‘नको’, ‘घर’ अशा शब्दांवरून नियम कळतच नाही. ‘मला’मधलं नुसतं व्यंजन हलवलं तरी ‘चलाम’ होतं आणि अख्खं अक्षर हलवलं तरी ‘चलाम’च होतं, कारण पहिल्या अक्षरात ‘अ’ आहे. म्हणून पहिल्या अक्षरात दुसरा कुठला तरी स्वर असलेले शब्द घ्या. ‘कुठे’चं ‘चुठेक’ झालं तर मूल आरंभ हलवतंय, ‘चठेकु’ झालं तर अक्षर हलवतंय. दुसऱ्या प्रकारच्या घरात खेळ मजेचा असेल, पण आरंभाबद्दल तो काही सांगणार नाही. तिथे पुढची मेहनत वाया जाते.

यानंतर ‘आई’ विचारा. मला हा शब्द सगळ्यात जास्त आवडतो. भाचीने क्षणभरही न थांबता ‘चाई’ म्हटलं आणि शेवटी काहीच जोडलं नाही. ‘आई’ला आरंभच नाही. रिकाम्या जागी च् बसला, आणि मागे न्यायला काही नव्हतं म्हणून नेलं नाही. ती अक्षरं मोजून खेळत असती तर ‘चईआ’ म्हणाली असती.

आणखी एका गोष्टीकडे कान द्या. ‘चाणीप’मधला च ती ‘चाक’मधल्यासारखा म्हणते आणि ‘मी’च्या ‘चीम’मधला च ‘चिमणी’मधल्यासारखा. आपण ‘रामाचा’ आणि ‘रामाची’ म्हणताना च बदलतो, अगदी तसंच. म्हणजे तिने बदललेला शब्दही मराठीच्या उच्चाराच्या नियमात बसवून घेतला. तो नुसता कागदावर अक्षरं हलवून तयार केलेला नाही.

मग लिखाण आणि उच्चार जिथे भांडतात ते शब्द घ्या

‘चाणीप’ने स्वर आणि व्यंजन वेगळे पडतात एवढंच सिद्ध होतं. खरा प्रश्न जोडाक्षराचा आहे. ‘प्रियोळ’मधला ‘प्र्’ हा एकच आरंभ आहे, की प् आरंभ आणि र् कुणीतरी वेगळा? आणि शब्दाच्या मध्ये जोडाक्षर आलं तर तुकडा कुठे पडतो?

देवनागरी इथे गोंधळ घालते. आपण ‘पुस्तक’ लिहिताना ‘पु-स्त-क’ अशी तीन अक्षरं पाडतो, पण बोलताना ‘पुस्-तक्’ असे दोनच तुकडे असतात. वृत्त शिकलेल्या प्रत्येकाला हे वेगळ्या नावाने माहीत आहे. लघू अक्षरापुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागे आला तर ते गुरू होतं, म्हणून ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू. ‘तुझ्या’ आणि ‘पुन्हा’ यांत मात्र आघात येत नाही आणि ‘तु’, ‘पु’ लघूच राहतात. शाळेत हे अपवाद म्हणून पाठ करून घेतात. खरं कारण एवढंच की ‘पुस्तक’मधला स् मागच्या तुकड्यात जाऊन बसतो, तर ‘झ्या’ आणि ‘न्हा’ अख्खे पुढच्याच तुकड्यात राहतात. मूल वृत्त शिकलेलं नसताना हाच फरक खेळात दाखवतं का, ते पाहायचं.

त्यासाठी ‘च’ची भाषा पुरत नाही, कारण ती शब्दाच्या टोकाशीच काम करते. मुलांना एक नवा खेळ शिकवा: शब्दाच्या प्रत्येक तुकड्यामागे ‘टा’ लावायचा. ‘गोवा’चा ‘गोटा-वाटा’ होतो. नवा खेळ मुद्दाम घ्यायचा, म्हणजे पाठ झालेली रूपं मध्ये येत नाहीत. अमेरिकेतल्या रेबेका ट्रायमन यांनी 1983 साली असेच नवे खेळ प्रौढांना शिकवून पाहिले होते. जे खेळ इंग्रजी सिलेबल आरंभ आणि उरलेला भाग यांच्या मध्ये तोडत, ते लोकांना भलत्या ठिकाणी तोडणाऱ्या खेळांपेक्षा सोपे गेले. पोर्तुगीज मुलांचा ‘प’चा खेळही याच जातीचा आहे. तिथे प्रत्येक सिलेबलमागे प आणि त्याच सिलेबलचा स्वर येतो, ‘गातो’ म्हणजे मांजर, त्याचं ‘गापातोपो’ होतं.

‘टा’ शिकवताना उदाहरणं फक्त ‘गोवा’, ‘मामी’, ‘काजू’ अशी द्या, जिथे अक्षर आणि सिलेबल एकच असतात. चुकून ‘मडगाव’चं उदाहरण दिलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलं.

शब्दांसाठी मी गावांची नावं घेतली. ती मुलांना तोंडपाठ असतात आणि त्यांत हवा तो प्रत्येक नमुना सापडतो. ‘साखळी’ आणि ‘फोंडा’मध्ये अक्षरं आणि सिलेबल जुळतात. त्यांत मूल चुकलं तर त्याला खेळच कळलेला नाही, हे ओळखायला ती दोन हवीतच. ‘मडगाव’मध्ये चार अक्षरं पण दोनच सिलेबल, ‘काणकोण’मध्येही तसंच, ‘कुडचडे’मध्ये चार अक्षरं आणि तीन सिलेबल. ‘पर्वरी’ घेतली ती रफारासाठी. तो र् लिहायचा ‘व’च्या डोक्यावर, पण उच्चारात तो ‘प’च्या मागे चिकटतो. शिवाय ‘पुस्तक’, ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ आणि ‘उद्या’. ‘च’च्या भाषेसाठी ‘प्रियोळ’, ‘म्हापसा’, ‘त्याला’ आणि मघाचे ‘पाणी’, ‘आई’. एवढे शब्द पुरे. यापेक्षा जास्त घेतलेत तर मुलं कंटाळतात आणि शेवटची उत्तरं भरकटतात.

बसायचं कसं

एका वेळी एकच मूल बसवा. दोघं असली की दुसरं पहिल्याची नक्कल करतं आणि मग तुमच्याकडे दोन उत्तरं नसून एकच असतं. आवाज रेकॉर्ड करण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा.

शब्द लिहून दाखवू नका. स्वतः उच्चारूही नका, कारण आपण नकळत ‘मड... गाव’ असं तोडून म्हणतो आणि मूल तेच पकडतं. प्रश्न विचारून नाव काढून घ्या. सासष्टीचं मोठं शहर कोणतं? विधानसभा कुठे आहे? शुक्रवारचा बाजार कुठे भरतो? मुलाने स्वतःच ‘मडगाव’, ‘पर्वरी’, ‘म्हापसा’ म्हटलं की सांगायचं, आता खेळात म्हण.

प्रत्येक शब्द दोनदा घ्या, एकदा सावकाश आणि थोड्या वेळाने पटकन. बहुतेकांचं लक्ष इथे जात नाही. सावकाश म्हणताना मूल डोळ्यांसमोर पाटी आणतं आणि अक्षरं वाचतं: ‘मटा-डटा-गाटा-वटा’. घाईत तेच मूल ‘मडटा-गावटा’ म्हणतं. दोन उत्तरं वेगळी आली तर सावकाश दिलेल्या उत्तरावर लिपीचा हात आहे असं समजा आणि घाईतल्या उत्तराला जास्त वजन द्या. पण दोन्ही लिहून ठेवा.

लिहिताना ऐकलेलं जसंच्या तसं लिहा. वहीत अर्थपूर्ण शब्द दिसला की हात आपोआप शुद्धलेखन करतो, म्हणून मी रात्री रेकॉर्डिंग पुन्हा ऐकते आणि मुलाचं नाव झाकून उत्तरं लिहिते. ‘म्हापसा’पाशी विशेष सावध राहा. मुलाने नुसता म् मागे नेला आणि ह तिथेच ठेवला तर च् आणि ह एकत्र येऊन ‘छापसाम’ ऐकू येतं. पहिल्यांदा मी ते ‘चापसाम’ असं लिहून बसले होते.

भाचीची उत्तरं

‘टा’च्या खेळात तिने ‘साखळी’ आणि ‘फोंडा’ सरळ केले. ‘मडगाव’ घाईत ‘मडटा-गावटा’ आलं, ‘काणकोण’ ‘काणटा-कोणटा’, ‘पुस्तक’ ‘पुसटा-तकटा’. ‘पर्वरी’ला ती सावकाश म्हणताना अडली. अक्षरं धरून ‘पटा’ म्हटलं आणि पुढे ‘र्व’ म्हणायला गेली, तर जिभेला ते जमेना. मग आपोआप ‘परटा-वटा-रीटा’ झालं. रफार हा लिखाणाचा प्रकार आहे हे त्या अडखळण्यात दिसतं. अक्षर हे उच्चाराचं एकक असतं तर ते उच्चारता आलं असतं.

‘तुझ्या’चं ‘तुटा-झ्याटा’ आलं, ‘पुन्हा’चं ‘पुटा-न्हाटा’. ‘उद्या’ला मात्र ‘उदटा-द्याटा’! द् दोन्हीकडे. आधी मला ती चूक वाटली. मग मी स्वतः ‘उद्या’ म्हणून पाहिलं. आपण खरोखर ‘उद्द्या’ म्हणतो. पहिला द् मागच्या तुकड्याचा शेवट करतो आणि दुसरा पुढच्याचा आरंभ. ‘उद्या’मधला ‘उ’ वृत्तात गुरू का होतो, त्याचं उत्तर दहा वर्षांच्या मुलीने ‘टा’ लावून दिलं. इतके जवळचे दिसणारे ‘तुझ्या’ आणि ‘उद्या’ तिने वेगळे तोडले, आणि लिखाणात तर दोन्हीकडे ‘य’ जोडलेलं एकेकच जोडाक्षर आहे. लिपीने हा फरक तिला सुचवलेला नाही.

‘च’च्या भाषेत ‘म्हापसा’ झटकन ‘चापसाम्ह’ झालं. ‘प्रियोळ’ला ती आधी ‘चरियोळप’ म्हणाली, हसली, आणि मग म्हणाली, ‘नाही, चियोळप्र.’ माझ्या मते ही अडखळ उत्तराइतकीच बोलकी आहे. म्ह लिखाणात जोडाक्षर आहे, पण कानाला तो एकच ध्वनी आहे, ‘भ’सारखा महाप्राण. म्हणून तो तोडण्याचा विचारच तिच्या मनात आला नाही. प्र मात्र खरोखर दोन ध्वनी आहेत. ते एका आरंभात बांधलेले आहेत, पण ती गाठ सोडवता येते. म्हणून दोन रस्ते दिसले. दोन्हींची एकाच दिवशी तुलना केल्याशिवाय हे कळलं नसतं.

‘त्याला’चं तिने ‘च्यालात’ केलं. त् गेला, य राहिला. म्हणजे तिच्या तोंडात य हा आरंभाचा भाग नसून स्वराला चिकटलेला असावा. इंग्रजीतही हेच दिसतं. स्टुअर्ट डेव्हिस आणि मायकल हॅमंड यांनी 1995 साली ‘पिग लॅटिन’ या मुलांच्या भाषेचा पुरावा देऊन दाखवलं की ‘क्यूट’मधला य स्वरासोबत मागे राहतो, पण ‘क्वीन’मधला व मात्र क्-बरोबर निघून जातो. मराठीत व कसा वागतो ते मला ‘ज्वारी’ आणि ‘द्वार’ घेऊन पाहायचं आहे.

हे सगळं एका मुलीचं आहे. कोणताही दावा करायचा असेल तर निदान सहा-आठ मुलं हवीत, आणि त्यांत मतभेद सापडणारच. मतभेद म्हणजे खेळ फसला असं नाही. जोएल शर्झर यांनी 1970 साली पनामातल्या कुना लोकांच्या उलट बोलण्याच्या खेळाचं वर्णन छापलं. तिथे शब्दाचा पहिला सिलेबल शेवटी नेतात, आणि काही शब्दांवर खेळणाऱ्यांचं आपसांत एकमत नव्हतं. शर्झर यांनी त्याला चूक मानलं नाही. एकाच भाषेच्या बोलणाऱ्यांच्या डोक्यातली मांडणी थोडी वेगवेगळी असू शकते, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

लिपीचा संशय कसा फेडायचा

मराठी वाचणाऱ्या मुलाबद्दल कुणीही म्हणेल की त्याचं सिलेबलचं ज्ञान शाळेतून आलं. गोव्यात याला एक सुंदर तोड आहे. इथे कोकणी देवनागरीतही लिहितात आणि रोमीत म्हणजे रोमन लिपीतही. शेजारच्या रोमी वाचणाऱ्या घरातल्या मुलाला हाच ‘टा’चा खेळ कोकणीतून द्या, गावांची नावं तीच ठेवा. रोमीत अक्षर नावाचा डबाच नाही. ‘मडगाव’ त्यानेही दोनच तुकड्यांत तोडलं तर देवनागरीला दोष देता येत नाही. पण रोमी लिपी आपला वेगळा कल घेऊन येते. तिच्यात म्ह हा म आणि ह अशा दोन सुट्या खुणांनी लिहितात, त्यामुळे ‘छापसाम’ तिथे जास्त ऐकू यायची शक्यता आहे. दोन्ही घरांत सारखं आलेलं उत्तर कानाचं, वेगळं आलेलं बहुधा लिपीचं.

सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे कधीच शाळेत न गेलेली आजी. पण तिच्याबाबतीत घाई करू नका. आमच्या शेजारच्या आजींना ‘टा’चा खेळ दोन मिनिटांत जमला, ‘मडटा-गावटा’सुद्धा. ‘च’ची भाषा मात्र जमली नाही. ‘पाणी’मधला प् काढा म्हटलं की त्या ‘पाणी’च म्हणायच्या. यावरून त्यांना आरंभ माहीत नाही असं लिहून टाकू नका. जोसे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली पोर्तुगालमध्ये निरक्षर आणि मोठेपणी साक्षर झालेल्या माणसांची तुलना केली होती. शब्दाच्या सुरुवातीचा एक ध्वनी काढणं किंवा जोडणं निरक्षरांना फार जड गेलं, साक्षर झालेल्यांना जमलं. ध्वनी मुद्दाम सुटा करून हातात धरणं हे वाचनाने येणारं कसब आहे. तो ध्वनी बोलताना वापरणं ही निराळी गोष्ट.

मग आजींकडे आरंभ कुठे शोधायचा? खेळ सोडा आणि त्यांचं बोलणं ऐका. मराठीत आपण ‘पाणीबिणी’, ‘कामबीम’ म्हणतो. पहिल्या सिलेबलचा आरंभ आणि स्वर जातो, तिथे ‘बि’ येतो, बाकी सगळं तसंच राहतं. इथे जोडाक्षर आलं की काय होतं तेवढं टिपा. ‘प्र’चा फक्त प् बदलला असता तर ‘ब्रिसाद’ ऐकू आलं असतं. आरंभापुढच्या स्वराबद्दल हा पुरावा काही सांगत नाही, कारण स्वरही बदलतो. पण प् आणि र् एकत्र जातात की नाही एवढं नक्की सांगतो. मी वही मिटून निघाले तेव्हा आजी पाठीमागून म्हणाल्या, ‘अगो, थांब. प्रसादबिसाद घेऊन जा.’